तीन मी कधीच नव्हते

कार्डाचा एक कोपरा सुटला होता. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवा शिरून तिथं नखाएवढा पांढुरका फुगा आला होता, आणि मास्तर त्याच फुग्यावर अंगठा दाबत कार्ड हातभर लांब धरून वाचत होत्या. चष्मा कपाळावरच राहिला होता, पण तो खाली ओढा असं सुचवायला समोर प्रश्नावली घेऊन बसलेली ती धजली नाही. सात चौकोन, शून्य ते सहा. शून्य म्हणजे ओढ फक्त विरुद्ध लिंगाकडे, सहा म्हणजे फक्त स्वतःच्याच लिंगाकडे, तीन म्हणजे दोन्हीकडे सारखी, बाकीचे आकडे अधले-मधले. आरोग्य पाहणीच्या कामावर लागल्यापासून तिनं हे कार्ड दोनशेहून जास्त माणसांच्या हातात दिलं होतं. बहुतेक जण वाचायच्या आधीच ‘शून्य’ म्हणत आणि हाताला चटका बसल्यासारखं कार्ड परत करत. या मात्र वाचतच होत्या...

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. एकोणसत्तर वर्षांची ही बाई पूर्वी नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यावर एकटीनं शिवणाचं दुकान चालवत होती. आता दुकानाची बाहेरची खोली झाली होती, आणि तिथून मशिनचा आवाज येत होता. मुलाखतीच्या वेळी तिसरं कुणी नको, हा नियम सांगितल्यावर त्यांच्याबरोबर राहणारी बाई निमूट उठून तिकडे जाऊन बसली होती. ती पूर्वी दुकानात बटणांची काजे करायला यायची, म्हणून तिचं नाव अजून काजेवालीच.

“यात माझं कुठलं साल विचारतेस?” मास्तरांनी विचारलं.

“साल नाही... एकूण. तुम्हाला जो आकडा जवळचा वाटेल तो.”

“एकूण!” त्या मनापासून हसल्या. “अगं, नवऱ्याबरोबर एकतीस वर्षं काढली. काढली कसली, मजेत गेली. त्याचा हात लागला की अंगावर काटा यायचा, शेवटच्या आजारपणापर्यंत. तेव्हा विचारलं असतंस तर शून्य म्हटलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. तो गेला. तीन वर्षांनी एका दुपारी ही समोर बसून दातानं दोरा तोडत होती, आणि मला... मला वाटलं, अरे देवा, हे काय आता? अठ्ठावन्नाव्या वर्षी! त्याला अकरा वर्षं झाली. आजचं विचारशील तर सहा. मग शून्य आणि सहाची सरासरी काढ. तीन. पण तीन मी कधीच नव्हते, एक दिवससुद्धा.”

तिची पेन्सिल कागदावरच थांबली. तेव्हाचं शून्य, आताचं सहा... प्रशिक्षणात असल्या उत्तरासाठी एक वाक्य शिकवलं होतं – ‘सध्याचा विचार करून सांगा.’ तिनं ते म्हटलंही.

“सध्याही तो आहेच की,” मास्तर म्हणाल्या. “तुझ्या या पट्टीवर हिच्याकडे एक पाऊल टाकलं की त्याच्यापासून एक पाऊल लांब जावं लागतं. तराजूसारखं. हे पारडं खाली तर ते वर. माझं तसं झालंच नाही. हिच्यावरचा जीव वाढला म्हणून त्याच्यावरचा कुठं कमी झाला? आणि माझा धाकटा भाऊ, त्याला अख्ख्या आयुष्यात कुणाचीच तशी ओढ नाही. माणूस सोन्यासारखा, मित्र ढीगभर. त्याला कुठं बसवशील? दोन्हीकडे सारखंच म्हणून तीनमध्ये?”

“त्याच्यासाठी वेगळी खूण आहे. पट्टीच्या बाहेर.”

“बघ! बाहेर.” त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं. “आणि हे विचारतं काय नेमकं? मन कुणावर जातं ते, की अंथरुणात कोण होतं ते, की आपण स्वतःला काय म्हणतो ते? सोळाव्या वर्षी वर्गातल्या एका मुलीसाठी मी ताप येईपर्यंत झुरले. बोटही लावलं नाही. ते धरायचं की सोडायचं? अगं, नुसत्या छातीच्या मापावर पायजमा शिवतात होय?”

ती हसली, आणि हसता हसता तिला स्वतःचंच एक वर्ष आठवलं. सोळाव्या नाही, विसाव्या वर्षी वसतिगृहाच्या गच्चीवर खोलीतली दुसरी मुलगी ओले केस तिच्या मांडीवर पसरून डोळे मिटून पडली होती आणि ती तासभर हलली नव्हती. पायाला मुंग्या आल्या, पाय पार बधिर झाला, तरी नाही – हलले तर ती उठेल, एवढंच तिला कळत होतं... त्याला आपण मैत्री म्हटलं. मैत्री होतीच. पण नुसती तेवढीच? पाहणी सुरू होण्याआधी सरावासाठी प्रत्येकीनं स्वतःचा फॉर्म भरला होता, तेव्हा तिनंही सगळ्यांसारखं शून्याला गोल केलं होतं, कार्ड न वाचता.

बाहेरचं मशिन थांबलं. काजेवाली दारातूनच म्हणाली, “झालं का गं? की अजून माझी बदनामी चाललीय?”

“तुझीच. जरा थांब,” मास्तर म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की तिनं नजर कागदावर वळवली. लाज वाटून नव्हे. इतक्या साध्या, नेहमीच्या आनंदाकडे परक्यानं टक लावून पाहू नये म्हणून.

दुपारी कार्यालयात पर्यवेक्षक बाईंनी फॉर्म चाळला. “हा प्रश्न रिकामा? तीन टाका, मधला आहे.”

“त्या तीन नाहीत, मॅडम.” आपला आवाज इतका ठाम येईल असं तिला वाटलं नव्हतं. नाव न घेता तिनं सगळं सांगितलं. बाई सांख्यिकी शिकलेल्या, बोलायला तुटक. पण ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

“खरं आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या पद्धती आहेत. एकीत ओढ, वागणं, कल्पना, जीव कुणात गुंततो, स्वतःला काय म्हणवतो असे सात मुद्दे, आणि प्रत्येक तीनदा विचारायचा – पूर्वी, आता, आणि कसं असावंसं वाटतं. एकवीस चौकोन. दुसरीत दोन वेगळ्या पट्ट्या, म्हणजे एक वाढली म्हणून दुसरी घटत नाही, आणि दोन्ही शून्य असली तरी माणूस कागदावर राहतो. पण आपल्याला फॉर्मवर एकच ओळ मिळालीय. आणि या जुन्या पट्टीला अगदीच नावं ठेवू नका हं. त्याआधी दोनच खोकी होती, इकडचे आणि तिकडचे. मधे जागा आहे, एवढं तरी तिनं दाखवलं.”

“एकवीस चौकोनांत त्या मावल्या असत्या का?”

बाईंनी पेन पुन्हा उचललं. “जास्त मावल्या असत्या. पूर्ण नाही. ‘आकडा सांगता येत नाही’ ही खूण करा, आणि शेऱ्यात त्यांचेच शब्द लिहा. मोजणीत ते येणार नाहीत... पण पुढची प्रश्नावली ठरेल तेव्हा मी ते पान समोर ठेवीन.”

तिनं शेरा लिहायला घेतला. दिलेल्या दोन ओळी केव्हाच भरल्या, मग ती समासात शिरली, मग कागद उलटा केला. मास्तर नावाची ती बाई कुणाला पटवून देत नव्हती, हे कसं लिहायचं? तिला कशाचा पुरावा द्यायचा नव्हता की जुनं पुसायचं नव्हतं. नवऱ्याची एकतीस वर्षं आणि काजेवालीची अकरा तिनं सारख्याच मायेनं, जराही न दचकता, एका घरात नांदवली होती. याला आकडा नाही. धाडस म्हणावं तर ती त्याला धाडससुद्धा म्हणत नव्हती.

घरी आली तेव्हा नवरा खिडकीपाशी बसून शर्टाच्या बाह्या दुमडत होता. “आज उशीर?”

“एका ठिकाणी रमले,” ती म्हणाली आणि त्याच्यासमोर बसली.

गच्चीवरची ती दुपार आतमध्ये उघडी पडली होती आणि आश्चर्य म्हणजे घर हललं नव्हतं. समोरच्या माणसाविषयीची माया तेवढीच होती, रेसभरही कमी नाही – तिनं हळूच, दात दुखतो का ते जिभेनं चाचपावं तशी, चाचपून पाहिली. मग एकदम तिच्या लक्षात आलं, की लग्नाची चोवीस वर्षं याचंही उत्तर आपणच भरून ठेवलंय, न विचारता. विसाव्या वर्षी हा कुणाकडे बघून थबकला असेल? कुणासाठी झुरला असेल?

“काय बघतेस असं?” त्यानं विचारलं.

सांगावं? की आधी विचारावं? दोन्ही वाक्यं ओठांशी येऊन थांबली, आणि घाई मात्र कशाचीच वाटेना. ती त्याच्याकडे पाहत राहिली, नव्यानं ओळख होत असलेल्या माणसाकडे पाहावं तशी, कुतूहलानं.