आण्णासाहेबांचे तीस हजार

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या कळंबला ठाऊक आहे. वीस वर्षं मोंढ्याजवळ बसून मी लोकांचे टॅक्सचे रिटर्न भरतोय. "मार्तंडराव ओरडतात, पण काम चोख," असं व्यापारी म्हणायचे आणि मला ते आवडायचं. आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

आण्णासाहेब आमच्या मोंढ्यातले जुने आडते. मागच्या दिवाळीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी कडूबाई युरोपला जाऊन आले. सहलीचे सहा लाख, वर पाच टक्क्यांनी तीस हजार टीसीएस. परदेश सहलीवर हा कर सहल काढणाराच गोळा करतो, सरकारात भरतो, आणि तो आपल्या पॅनवरच्या कराच्या उताऱ्यात, सव्वीस एएसमध्ये दिसला की रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. सहल काढली होती हर्षालीनं. बसस्टँडमागं तिचं एका खोलीचं ऑफिस आहे. कधीकाळी मी तिला शिकवणीला हिशेब शिकवले होते.

ऑगस्टमध्ये आण्णासाहेबांचा उतारा काढला. टीसीएसच्या रकान्यात काहीच न्हाय!

"मार्तंडराव, पोरीनं पैसे भरले न्हाईत का काय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

झालं. माझं टाळकं सटकलं. तिला एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही. मोंढ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं, 'हर्षाली टूर्सनं आण्णासाहेबांचा टीसीएस खाल्ला. पैसे देण्याआधी विचार करा.' दीडशे लोकांच्या ग्रुपवर! तासाभरात तिचा फोन आला. मी कट केला. परत आला, परत कट. चार वेळा. शेवटी नंबरच ब्लॉक केला. चोराशी काय बोलायचं, असं शामलाला, माझ्या बायकोला, वर ऐकवलं.

येत्या दिवाळीच्या सहलीतून तीन घरांनी नावं काढून घेतली.

दहा दिवसांनी आण्णासाहेबांच्या एकत्र कुटुंबाची फाईल काढली. एचयूएफचा पॅन वेगळा असतो, रिटर्नही वेगळा. त्याचा उतारा उघडला. गोळा करणारा: हर्षाली टूर्स. कर: तीस हजार. वेळेवर भरलेला, तिमाहीचं विवरणही वेळेवर.

मग तिचे जुने मेसेज काढले. सहल ठरताना आण्णासाहेबांचं पॅन कार्ड माझ्याच मोबाईलवरून गेलं होतं. घाईत मी एचयूएफचं कार्ड पाठवलं होतं. आणि त्याच्याच खाली, जानेवारीतलं तिचं सत्तावीस डी, कर गोळा केल्याचं प्रमाणपत्र. 'सर, एकदा बघून घ्या,' असं लिहिलेलं. त्यावर नाव, पॅन, रक्कम, सगळं होतं. मी ते उघडलंच नव्हतं. शामला चहा घेऊन आली, तेव्हा मी मोबाईल पालथा ठेवला. लाज वाटली, लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसात गेलो. ती उठून उभी राहिली, खुर्ची पुढं केली. मला बसवेना.

"हर्षाली, पॅन मीच चुकीचा दिला होता गं."

"माहितीये, सर. ग्रुपवरचा तुमचा मेसेज वाचला त्याच दिवशी कागद तपासला. म्हणून तर फोन करत होते. दुरुस्तीचं विवरण मीच भरीन, फक्त आण्णासाहेबांच्या सहीचं पत्र पाहिजे."

"मग ते कार्ड ग्रुपवर का न्हाय टाकलंस? माझा मेसेज होता ना तुझ्याकडं!"

"रिटर्नचा सीझन आहे, सर. ते टाकलं असतं तर तुमच्याकडं फाईल कुणी दिली असती?"

आपण पोरीच्या पोटावर पाय दिला आणि ती आपलं दुकान सांभाळत बसली होती.

"ती तीन घरं?" मी विचारलं.

"दोन येतील, बहुतेक. ईरण्णाकाकांनी लातूरला बुकिंग केलं. त्यांचे पैसे परत दिले मी."

मी तिथंच मोबाईल काढला. ग्रुपवर लिहायला लागलो. 'आण्णासाहेबांचा टीसीएस हर्षाली टूर्सनं वेळेवर भरला आहे. पॅन मी चुकीचा दिला होता. नजरचुकीनं मी तिच्यावर आरोप केला. जाहीर माफी मागतो.' पाठवायच्या आधी तिला दाखवलं.

तिनं दोनदा वाचलं.

"'नजरचुकीनं' नको, सर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही कागद बघितलाच नव्हता."

मी तो शब्द खोडला. त्या जागी 'कागद न बघता' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.