मधल्या भोकाजवळचा दांडा

फिजिक्सचं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं आणि त्या एकापायी माझा एमएस्सीचा प्रवेश टांगणीला लागला होता. या वेळी नापास झाले की प्रवेश रद्द. आईनं वर्ध्यात सगळ्या ओळखीपाळखीत पोरगी एमएस्सीला लागली म्हणून सांगून टाकलं होतं, पेढ्यांसकट. आता ते पेढे परत कसे मागायचे?

परीक्षेत बार पेंडुलम आला. म्हणजे मीटरभर लांबीचा पोलादी दांडा, त्याला पाच-पाच सेंटिमीटरवर भोकं. एकेका भोकात धारदार आधार घालून दांडा टांगायचा, हलकंसं ढकलायचं, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. आमच्या वाघोलीच्या कॉलेजात मात्र हे उलटं करतात. आधी गुरुत्वाकर्षण लिहायचं, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज. शेजारच्या टेबलावर तेजसनं दांड्याला हात न लावता अर्धा तक्ता भरलाही होता. हुशार पोरगा, आळस अंगात मुरलेला.

मला तसं जमत नाही. मी मोजत बसले. टोकाजवळ एका आंदोलनाला १.६ सेकंद. मध्याकडे सरकत गेले तसा वेळ आधी थोडा घटला, मध्यापासून तीस सेंटिमीटरच्या आसपास सगळ्यात कमी, १.५३. मग वाढायला लागला. मध्यापासून पाच सेंटिमीटरवर तर २.६३! दांडा असा रेंगाळत हलत होता, जणू काही मामलेदार कचेरीत कामाला आहे.

तेवढ्यात वैजनाथ सर आले. खरं तर ते इलेक्ट्रॉनिक्सचे. आमच्या फिजिक्सच्या मॅडम निवडणुकीच्या कामाला गेल्या म्हणून अंतर्गत परीक्षक यांना केलेलं. माणूस भला, पण भलेपणाचा फार त्रास होतो.

त्यांनी माझा तक्ता बघितला आणि हळूच म्हणाले, "आम्रपाली, हे चुकलंय. दोरी आखूड केली की गोळा लवकर हलतो ना? तसंच इथे. मध्याजवळ वेळ कमी यायला हवा. बदल. बाहेरचे सर कडक आहेत, परत अडकशील."

तेजसनं ऐकलं आणि मुकाट्यानं आपले आकडे उतरते करून टाकले.

माझा हात खोडरबरावर गेला होता. खरंच गेला होता. अंतर्गत मार्क यांच्याच हातात! पण मी पुन्हा दांडा ढकलला आणि तो पुन्हा तसाच रेंगाळला. बदलायचं तर आधी त्याला समजवा ना, मला काय सांगता? मी खोडरबर खिशात टाकलं.

बाहेरचे परीक्षक रंगनाथ सर. सदाशिव पेठेतले. त्यांनी तेजसचा तक्ता चष्म्यावरून वाचला.

"आपला दांडा मध्याजवळ फार चपळ दिसतो. दाखवा बरं."

तेजसनं टांगला. दांडा निघाला, थांबतोय की काय असं वाटावं इतक्या सावकाश परत आला. सर शांतपणे म्हणाले, "आज बरं नसेल त्याला." आणि माझ्याकडे वळले.

"तुमचा का रेंगाळतो?"

"सर, मध्याजवळ टांगला की वरचा भाग खालच्याला जवळजवळ तोलून धरतो. परत ओढणारा जोर फार कमी उरतो, पण हलवायचं ओझं मात्र जवळपास तेवढंच. म्हणून वेळ वाढतो. टोकाकडे गेलं की जोर वाढतो, पण ओझंही लांब जातं. मधे कुठेतरी सगळ्यात लवकर."

"कुठे?"

"लांबी भागिले बाराचं वर्गमूळ. एकोणतीसच्या जवळ."

"आणि गुरुत्वाकर्षण ९.७१ कसं आलं? ९.८ नाही?"

"जे आलं ते लिहिलंय, सर. स्टॉपवॉच माझ्या अंगठ्यानं चालतं."

त्यांनी सही केली. तेजसला म्हणाले, "आपण पुन्हा मोजा. वेळ आहे अजून. दांडा चावत नाही."

सगळे गेल्यावर मी दप्तर आवरत होते. वैजनाथ सर माझ्या टेबलाशी आले.

"झालीस पास. सोमवारी दुसरी बॅच आहे. मला एकदा समजावशील?"

मी दांडा पाच सेंटिमीटरवर टांगला आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वीस आंदोलनं स्वतः मोजली, मग पुन्हा मोजली.

"मी तर तुला नापासच करायला निघालो होतो."

"हो सर," मी म्हटलं. "आणि मी ऐकणार होते."