मोनिकाच्या शिफारशीत काय लिहायचं

"मेहनती, मनमिळाऊ... हे तर लग्नाच्या बायोडेट्यात लिहित्यात," पूनमच्या मोबाइलात डोकावत तिच्यासोबत काम करणारे संपतमामा पुटपुटले.

सणसवाडीच्या कारखान्यातून कमी केलेली मोनिका चार महिने दौंडला घरी बसली होती. तिला नोकरी मिळावी म्हणून तिची तिथलीच सहकारी पूनम कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून लिंक्डइनवर तिची शिफारस लिहीत होती.

पूनमनं ते शब्द पुसले आणि लिहिलं, 'गाडी भरायच्या आधी मोनिकानं माल पुन्हा मापून बघितला. माप तपासायचा गेज झिजलाय हे ओळखून चाळीस खराब पार्ट बाजूला काढले.'

"मस्त. टाक आता," मामा म्हणाले.

पूनमचा अंगठा अडला. गाडीला उशीर झाला म्हणून तेव्हा सगळे मोनिकावरच घसरले होते.

"मामा, गेजच्या तपासणीची तारीख न बघता ते पार्ट आधी मीच पास केले होते. तेही लिहिते."