तातडीचं असेल तरच

डॉक्टर ओर्ट्रूडनं दवाखान्याच्या दारावर सूचना लावली: ‘४ ते २२ ऑगस्ट रजा. ठरलेली भेट पुढे ढकलायला १ तारखेपर्यंत फोन करा. तातडीचं असेल तर डॉ. याना फोस, बाजार चौक.’

स्वागतकक्षातली गुड्रून हसली. "फोन कसले येतायत! सगळे म्हणतात, यानाबाईंकडेच जाऊ."

ओर्ट्रूडच्या पोटात दुखलं. तिनं सूचनेत ‘असेल तर’चं ‘असेल तरच’ केलं.

रजेनंतर तिचे जुने पेशंट विलमान आले. "पाय सुजले म्हणून तिकडे गेलो. त्यांनी हृदयाची झडप बिघडल्याचं ओळखलं."

ओर्ट्रूडनं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. बिघाडाचा आवाज स्पष्ट होता.

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली.

तिनं यानाला फोन करून मनापासून आभार मानले. तरी फोन ठेवताना ती जळतच होती.