अर्ध्या पानाचं चलन

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव तापट आहे. त्या दिवशी तर मी सकाळी दहापासूनच तापले होते. कारण आमच्या रंगाच्या गोदामाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, सगळ्यांदेखत मामाला सांगितलं, "मामा, आज दवाखान्याचा माल जातोय. तीनला गाडी निघेल. हाही चुकला, तर सोमवारपासून गोदामावर इंग्रजी वाचणारा माणूस बसवते. तुम्ही गेटवर बसा. पगार तोच राहील."

गोदामात सगळेच त्याला मामा म्हणतात, पण माझा तो खरा मामा, आईचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं तो इथला कोठारप्रमुख आहे. कुठला डबा कुठल्या रांगेत आहे, हे त्याला झोपेतही सांगता येईल. गेटवर बसून तो काय करणार होता? येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिणार?

"बरं मॅडम," एवढंच तो म्हणाला आणि त्याने नवा चष्मा नाकावर सरळ केला. चष्मा आठवड्यापूर्वीच आला होता, चांगला जाड काळ्या काड्यांचा. "मामा, लग्नाला उभा राहतोयस की काय या वयात?" असं मी त्याला चिडवलंही होतं. तेव्हा तो नुसताच हसला होता.

आता प्रकरण काय होतं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे ईआरपी आली, म्हणजे ऑर्डर, साठा, बिलं, चलनं सगळं एकाच संगणक प्रणालीत. त्याआधी मालासोबत जाणारं डिलिव्हरी चलन मामा स्वतः मराठीत हाताने लिहायचा. ईआरपी आल्यावर चलन छापून यायला लागलं, तेही इंग्रजीत. आणि छापील नमुने कोणी बनवले? मी. कार्यालयातली संगणकाची सगळी कामं माझ्याच गळ्यात. बिलाचा नमुना पूर्ण पानाचा आणि चलनाचा अर्ध्या पानाचा, कागद वाचावा म्हणून. दोन्ही इतके देखणे झाले होते, की मीच माझी पाठ थोपटून घेतली होती.

आणि त्यानंतर मामाच्या हातून दोन गाड्या चुकल्या. दोन्ही वेळेला बाहेरच्या भिंतीच्या पांढऱ्याऐवजी आतल्या भिंतीचा पांढरा गेला. गिऱ्हाइकांनी बिलं पुढे केली. बिलावर नाव बरोबर होतं, डबे मात्र चुकीचे. मग बोट कोणाकडे जाणार? ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्याकडेच.

"मॅडम," मी म्हटलं, "तीनच्या आत मी चलन दोन्ही भाषांत करून देते. मग बघा."

"तीनच्या आत?"

"तीनच्या आत."

बोलून बसले! पण खरं सांगते, अंगात असा जोर संचारला होता, की म्हटलं होऊन जाऊ दे.

अकरापर्यंत नमुना तयार झाला. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत मराठी नावासाठी एक नवा रकाना जोडला, दवाखान्याच्या ऑर्डरमधल्या चौदा वस्तूंची नावं त्यात भरली आणि चलनावर वर मराठी, खाली इंग्रजी अशी मांडणी केली. माझ्या पडद्यावर अक्षरं अशी काही सुरेख उमटली, की मी खुर्चीतच उडी मारली. लगेच गोदामातल्या प्रिंटरवर कागद पाठवला आणि मागोमाग जिन्यावरून धावत खाली गेले.

खाली हमाल कागद हातात धरून खो खो हसत होते. "ताई, हे काय, खिडकीची जाळी छापलीत?"

मराठीच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा! माझं तोंड असं उतरलं, की हमाल हसायचे थांबले. पण दोन मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला. फॉन्ट माझ्या संगणकावर होता, म्हणून मला दिसत होता. छापायची फाइल मात्र सर्व्हर बनवतो आणि सर्व्हरवर मराठीचा एकही फॉन्ट नव्हता. तो बिचारा कुठून अक्षरं आणणार? सर्व्हर सांभाळणाऱ्या भाऊंना फोन लावला.

"उद्या बघतो," भाऊ म्हणाले.

"भाऊ, उद्या मी तुमच्या घरी राहायला येईन, चालेल?"

अर्ध्या तासात फॉन्ट सर्व्हरवर बसला. गोड बोलून कामं होतात म्हणतात, पण माझ्या अनुभवात धमकी जरा लवकर पोहोचते.

दुसरा कागद आला. अक्षरं आली, देवाची कृपा! पण वेलांट्या आणि मात्रांची डोकी उडाली होती, कारण ओळींची उंची मी इंग्रजीच्या मापाने घट्ट बांधली होती. मराठीला वरही जागा लागते आणि खालीही. शिवाय मथळ्यातल्या अक्षरांत मी शोभेसाठी अंतर सोडलं होतं. इंग्रजीत ते छान दिसत होतं. मराठीत मात्र शिरोरेषा जागोजागी तुटली होती. ओळीची उंची वाढवली, शोभेचं अंतर शून्यावर आणलं. तिसरा कागद इतका स्वच्छ निघाला, की मी तो मिरवतच मामाकडे नेला.

मामाने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "बाह्यपृष्ठीय श्वेत तैलरहित रंगलेप." मग माझ्याकडे बघितलं. "हे कोणासाठी आहे गं?"

"तुझ्यासाठी!"

"पोरी, हे वाचता आलं म्हणून काय झालं, काही कळायला नको? याला आम्ही बाहेरचा पांढरा म्हणतो."

मी चिडले. कोश उघडून, डोकं खाजवून ती नावं केली होती. पण मामाचं चुकत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मग हाताला धरून त्यालाच वर नेलं, शेजारी खुर्ची दिली आणि म्हटलं, "सांग, मी टाइप करते."

आणि मामा असा खुलला म्हणता! "बाहेरचा पांढरा. आतला पांढरा. लोखंडाचं तांबडं अस्तर. लाकडाची चमक." तो सांगत होता आणि माझी बोटं नुसती नाचत होती. इंग्रजी नाव काढून टाकू का, असं विचारलं तर म्हणाला, "मुळीच नको. डब्यावर तेच छापलंय. मी कागद डब्याला लावतो आणि अक्षराला अक्षर जुळवतो. वाचता येत नसलं तरी चित्र जुळतं ना! आकडेसुद्धा डब्यावर आहेत तसेच ठेव, फक्त मोठे कर. आणि तपासणाऱ्याच्या सहीला जरा जागा दे, तिथे कोणाचा अंगठासुद्धा मावत नाही."

बावीस वर्षांचा अनुभव शेजारी बसून बोलत होता आणि दोन महिन्यांपूर्वी नमुना बनवताना मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला.

सव्वादोनला चौथा कागद निघाला. प्रिंटरमधून तो गरम गरम बाहेर येताना मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मामाने तो टेबलावर पसरला, बोट ठेवून एकेक ओळ बघितली आणि मध्येच थांबला.

"ही बघ, तिसरी ओळ. बाहेरचा पांढरा, वीस लिटर, चाळीस डबे. आणि ही चौथी. आतला पांढरा, वीस लिटर, पंचवीस डबे. मराठीत दोन वेगळ्या. मग खाली इंग्रजीत दोन्ही चित्रं सारखी कशी?"

"सारखी कशी असतील? एकीच्या शेवटी एक्स्टिरियर आहे, दुसरीच्या शेवटी..."

मी वाकून बघितलं.

दोन्ही ओळी 'सुपर इमल्शन व्हाइट' इथेच संपत होत्या. पुढचा शब्द नव्हताच! चलन अर्ध्या पानात बसावं म्हणून इंग्रजी नावाचा रकाना मीच अरुंद केला होता. नाव एकाच ओळीत राहावं आणि मावणार नाही तेवढं झाकलं जावं, या पर्यायापुढे खूणही मीच केली होती. लांब नाव खालच्या ओळीवर गेलं तर तक्ता वेडावाकडा दिसतो म्हणून. बिलावर जागा भरपूर होती, नाव दोन ओळींत पूर्ण यायचं. म्हणून बिल बरोबर आणि माल चूक! बाहेरचा आणि आतला हे सांगणारा शब्दच मी माझ्या देखण्या चलनावरून पुसला होता. इंग्रजीचा प्राध्यापक आणून बसवला असता, तरी तोही चुकला असता.

"मामा," मी म्हटलं, "तू चुकला नव्हतास. मी चुकले."

त्याला लगेच कळलं नाही. मी समजावत बसले नाही. आधी ती खूण काढली, रकाना रुंद केला, नाव दोन ओळींत येऊ दिलं, आणि एकच नोंद दोन पानांवर तुटू नये अशी सोयही केली. पाचवा कागद काढला आणि मामाला घेऊन सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, चुकलेल्या गाड्यांची चलनं काढते, बघा," असं म्हणून मी त्यांच्या संगणकाकडे वळले.

"काढायची गरज नाही," मामा म्हणाला. त्याने सदऱ्याच्या खिशातून दोन कागद काढले. घड्या घालून घालून ते मऊ पडले होते.

मॅडमनी ते टेबलावर ठेवले आणि शेजारी दोन्ही बिलं. चारही कागद त्यांनी नीट बघितले. "या दोन्हींवर पुढचा शब्दच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हा नमुना कोणी केला?"

"मी."

"म्हणजे गेटवर कोणाला बसवायला हवं?"

"तिला नको मॅडम," मामा घाईघाईने म्हणाला. "ती येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडेल."

मॅडम हसल्या. मग उठून उभ्या राहिल्या. "मामा, सकाळी मी सगळ्यांसमोर बोलले. आता खाली येऊन सगळ्यांसमोरच सांगते. गोदामावर तुम्हीच आहात. आणि इथून पुढे कुठलाही नमुना तुम्ही बघितल्याशिवाय छापायचा नाही."

तीनला पाच कमी असताना गाडी भरून झाली. चाळीस बाहेरचे, पंचवीस आतले, प्रत्येक थप्पी कागदाशी जुळवून. मामाने सहीच्या नव्या, ऐसपैस चौकटीत सही केली. मी गाडीच्या मागे उभी राहून लहान पोरीसारखी हात हलवत होते, आनंदच मावत नव्हता.

"मामा, ते दोन कागद खिशात कशाला घेऊन फिरत होतास रे?"

"रोज काढून बघायचो," तो म्हणाला. "डब्यावर पुढे अक्षरं आहेत आणि कागदावर मला दिसत नाहीत. मला वाटलं, माझेच डोळे गेले." त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "म्हणून तर हा करून घेतला."