फोटो जोडलेला नाही

चिकलठाण्याच्या गिरिजा विहार सोसायटीत सरिता दाभाडेचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिच्या न्हाणीघराच्या छताला दिवाळीपासून ओल धरली होती. आधी ताटलीएवढा डाग होता. संक्रांतीपर्यंत तो परातीएवढा झाला, पोपडे सुटले आणि खाली ठेवलेल्या बादलीत टपटप सुरू झाली. वरच्या फ्लॅटमध्ये गोकुळ राहायचा. गोकुळ हा सोसायटीचा सेक्रेटरी इंद्रजीत याचा सख्खा आतेभाऊ. हे नातं सरिताला पहिल्यापासून माहीत होतं, पण त्यात काही वावगं असेल असं तिच्या मनात तोवर आलं नव्हतं.

सोसायटीनं दसऱ्याला तक्रारवही बंद करून ऑनलाइन फॉर्म सुरू केला होता. मोबाईलवर फॉर्म उघडायचा, फ्लॅटचा नंबर टाकायचा, तक्रार लिहायची, फोटो जोडायचा आणि पाठवून द्यायचं. गळती, वायरिंग अशा दुरुस्तीच्या तक्रारीला फोटो नसेल तर ती धरायची नाही, असं कमिटीनं ठरवलं होतं. सरितानं तीनदा तक्रार पाठवली. तिन्ही वेळा स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'तक्रार नोंदवली, धन्यवाद' असं आलं आणि तिन्ही वेळा दोन दिवसांनी उत्तर आलं, 'फोटो जोडलेला नाही. तक्रार बंद.'

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा तिनं चष्मा लावून, एकेक बटण वाचून फोटो जोडला. तिसऱ्यांदा फोटोचं नाव फॉर्मवर दिसतंय तोवरच तिनं स्क्रीनशॉट काढून ठेवला. बावीस वर्षं ती एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करत होती. माप लावल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणायची तिला सवय नव्हती.

तिसरं उत्तर आलं त्या संध्याकाळी ती खाली आवडाबाईकडं गेली. आवडाबाई तळमजल्यावरची, वैजापूरकडची म्हातारी. तिच्या खिडकीखालचा चेंबर तुंबला होता आणि कालच माणसं येऊन साफ करून गेली होती.

"मावशी, तुमचं काम कसं झालं एवढ्या पटकन?"

"फोटू टाकला नं बाई! नातीनं टाकला. श्रेयानं. तिला माझ्या मोबाईलवरून फोटू धाडला, तिनं तिकडूनच फारम भरला."

"आणि फोटो पोचला?"

"मंग! इंद्रजीत म्हणला, मावशी, लई साफ फोटू हाय."

सरिता जिने चढताना एकच गोष्ट घोळवत होती. इंद्रजीतही वैजापूरचाच. गाववालीचा फोटो पोचतो, तोही सात-आठ हजारांच्या साध्या फोनवरून काढलेला. मुलानं पुण्याहून पाठवलेल्या आपल्या नव्या कोऱ्या फोनचा मात्र पोचत नाही. आणि आपली तक्रार कुणाविरुद्ध आहे, तर गोकुळविरुद्ध. सोसायटीत फ्लॅट घेताना दाभाडे आडनाव ऐकून एक-दोघांनी तोंडं कशी केली होती, तेही तिला आठवलं. इंद्रजीत त्यात नव्हता. पण आता तिला त्याचीही खात्री वाटेना.

रविवारी सकाळी ती सरळ सोसायटीच्या ऑफिसात जाऊन इंद्रजीतसमोर बसली. इंद्रजीत चाळिशीचा, एरवी फरशीच्या दुकानात हिशेबनीस. सुट्टीच्या दिवशी सोसायटीची कामं उरकायचा.

"भाऊ, एक सांगा. माझे फोटो कोण काढून टाकतंय?"

त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. "काढून? ताई, काय बोलू राहिले तुम्ही? फोटो आलाच नाही तर काढणार कुठून?"

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. तक्रारींची यादी होती. तिच्या नावासमोर तारीख होती, वेळ होती, तिनं लिहिलेला शब्दन् शब्द होता. फोटोचा रकाना तेवढा कोरा.

"कोरा आहे म्हणूनच विचारतेय. मी जोडला होता." तिनं स्क्रीनशॉट पुढं केला.

इंद्रजीतनं तो पाहिला, पण त्याचा चेहरा काही सैल झाला नाही. "ताई, राग मानू नका. नाव दिसलं म्हणजे पाठवला असं नसतं. आणि खरं सांगू का, गोकुळ म्हणतो त्याच्याकडं कोरडं ठणठणीत आहे. त्याचं म्हणणं, गळती असती तर फोटो आला असता."

म्हणजे आपण खोटं बोलतोय असं वर ठरूनही गेलंय! सरिताची कानशिलं तापली. पण ती उठली नाही.

"ठीक आहे. तुमच्यासमोर पाठवते. तुम्ही माझ्या हाताकडं बघत राहा."

तिनं फॉर्म भरला, छताचा फोटो जोडला. फोटोचं नाव आलेलं इंद्रजीतनं स्वतः वाचलं. बटण दाबलं. हिरवं धन्यवाद आलं. लॅपटॉपवर यादीत नवी ओळ आली आणि फोटोचा रकाना कोराच.

इंद्रजीतनं यादी पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाला, "अजीब आहे." पण म्हणताना त्यानं तिच्या फोनकडं असं पाहिलं, जणू तिनं त्यात काहीतरी करून ठेवलंय. आणि ती त्याच्या लॅपटॉपकडं तशीच पाहत होती.

"मला तो फोटो व्हॉट्सअपवर टाका," तो म्हणाला. "निदान डोळ्यानं तरी बघतो."

तिनं टाकला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. सिमेंट सुटून सळई दिसत होती. त्यानं आपल्या फोनवर तो उतरवून घेतला, तिच्याच फ्लॅटचा नंबर घालून फॉर्म भरला आणि पाठवला.

यादीत ओळ आली. फोटोसकट.

"बघा!" सरिता खुर्चीवरून उठलीच. "तुमच्या फोनवरून जातोय! आवडामावशीचा जातो, तुमचा जातो, माझा तेवढा जात नाही. याला काय म्हणायचं, सांगा ना!"

"आईशप्पथ, मी काही केलं नाही!" इंद्रजीतचा चेहरा उतरला होता. खरंच घाबरला होता की पकडला गेला म्हणून उतरला, ते तिला कळेना.

कारखान्यात दोन नगांत फरक आला की ती सगळं एकदम बदलायची नाही. एकच गोष्ट बदलून बघायची. त्या सवयीनं ती परत बसली. "तो फोटो मला माघारी पाठवा. तुमच्याकडून आलेला मी माझ्या फोनवरून टाकते."

टाकला. गेला. फोटोसकट गेला.

म्हणजे फोन तोच, माणूस तोच, छतही तेच. फरक असेल तर फोटोतच. तिनं दोन्ही फोटो शेजारी उघडले. बघायला सारखेच. मग तिनं एकेकाचा तपशील उघडला. कॅमेऱ्यातला होता सहा पूर्णांक आठ एमबी. व्हॉट्सअपवरून फिरून आलेला फक्त दोनशे चाळीस केबी.

"पाठवताना ते फोटो बारीक करतं," इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला.

फॉर्म बनवणाऱ्या कृष्णाला त्यानं तिथूनच फोन लावला आणि आवाज दोघांनाही ऐकू येईल असा मोठा केला. कृष्णा आधी निवांत होता. "हो ना दादा, दोन एमबीची मर्यादा आहे. त्याच्यावरची फाईल सर्व्हर घेत नाही. बाकीची माहिती घेतो."

"मग माणसाला कळणार कसं?" सरितानं विचारलं.

"तसा मेसेज दाखवायला पाहिजे होता. राहून गेला, मॅडम."

"आधीचे फोटो मिळतील?"

"नाही मिळणार. ते जतनच झाले नाहीत."

फोन ठेवल्यावर इंद्रजीतनं यादी वरपासून खालपर्यंत काढली. दसऱ्यापासून एकतीस तक्रारी बिनफोटोच्या होत्या. त्यातल्या एकोणीस त्यानं स्वतः बंद केल्या होत्या, बाकीच्या फोटो न लागणाऱ्या, आवाज-पार्किंगच्या होत्या. तो कपाळावर हात ठेवून बसला. सरिताला त्याची कीव आली, पण पुरती नाही. अजून एक गोष्ट बघायची होती, तो हे लोकांना कसं सांगतो ती.

ती पाचच मिनिटांत समोर आली. इंद्रजीतनं सोसायटीच्या ग्रुपसाठी सूचना लिहिली आणि तिला वाचून दाखवली, 'सर्व सभासदांना कळवण्यात येते की तक्रारीसोबत दोन एमबीपेक्षा लहान फोटोच जोडावेत.'

"एवढंच?"

"अजून काय लिहू?"

"हे वाचून लोक म्हणतील, आपलीच चूक झाली. आपण जोडलेले फोटो फॉर्मनं गुपचूप टाकून दिले, हे कुठंय त्यात? एकोणीस तक्रारी परत उघडणार, हे कुठंय?"

"ताई, तसं लिहिलं तर काकासाहेब मला उभा चिरतील." काकासाहेब म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. "फॉर्म त्यांनी आणलाय. लोक म्हणतील, कमिटीनं तक्रारी खाल्ल्या."

"आत्ताही तेच म्हणतायत. मी तर म्हणतच आले ना?"

इंद्रजीतनं खुर्ची पुढं ओढली. मग लिहिलेलं पुसून पुन्हा लिहायला घेतलं. एकेक वाक्य झालं की तिला दाखवायचा. शेवटी ग्रुपवर गेलं ते असं:

'सभासदहो, आपल्या ऑनलाइन तक्रार फॉर्ममध्ये दोष आढळला आहे. दोन एमबीपेक्षा मोठा फोटो फॉर्म स्वीकारत नाही आणि तसं सांगतही नाही. तक्रार पोचते, फोटो पोचत नाही. नव्या फोनचे फोटो बहुधा याहून मोठे असतात. ज्यांच्या तक्रारी "फोटो जोडलेला नाही" म्हणून बंद झाल्या, त्यात त्यांची चूक नव्हती. अशा एकोणीस तक्रारी आज पुन्हा उघडत आहोत. जुने फोटो आमच्याकडे जतन झालेले नाहीत, म्हणून कृपया परत पाठवा. फॉर्म दुरुस्त होईपर्यंत फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअप नंबरवर तक्रार क्रमांकासह पाठवा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. इंद्रजीत, सेक्रेटरी.'

दहा मिनिटांत काकासाहेबांचा फोन आला. इंद्रजीत उभा राहून बोलला, "हो, मीच टाकला... नाही साहेब, काढत नाही. खरं आहे ते." 

ग्रुपवर मात्र कुणी हार घातले नाहीत. एकानं लिहिलं, 'चार महिन्यांनी बरा शोध लागला!' दुसऱ्यानं लिहिलं, 'एमबी-बिमबी सगळे बहाणे.' सरितानं लिहिलं, 'मी स्वतः समोर बसून तपासलंय.' त्यावर तिच्याच मजल्यावरच्या सुलेखाचा प्रश्न आला, 'ताई, तुम्ही कमिटीच्या बाजूच्या कधीपासून?'

सरितानं तो प्रश्न दोनदा वाचला. सकाळी ती स्वतः इंद्रजीतकडं जशी बघत होती, तसंच आता तिच्याकडं कुणीतरी बघत होतं. रागाचं उत्तर तिच्या बोटांवर आलं होतं. तिनं फक्त दोन्ही फोटोंच्या तपशिलाचे स्क्रीनशॉट टाकले आणि लिहिलं, 'कुणीही घरी या, दाखवते.' सुलेखा खरंच आली. तिच्या बंद झालेल्या तक्रारीतला फोटो जिन्यातल्या उघड्या वायरचा होता, पाच एमबीचा. चहा न घेताच गेली, पण जाताना म्हणाली, "माझ्यासमोर झालं म्हणून मानते."

मंगळवारी इंद्रजीत प्लंबर घेऊन गोकुळकडं गेला. सरितालाही बोलावलं. गोकुळनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही.

"भाऊ, आधी बघू दे," इंद्रजीत म्हणाला. "नातं नंतर."

प्लंबरनं कमोडच्या मागची फरशी ठोकली, एक उचलली. खाली वाळू चिखलासारखी ओली होती. सांधा झिरपत होता. गोकुळनं वाकून बोट लावलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"वरून काहीच दिसत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, फोटो नाही म्हणजे तुम्ही उगाच... मागं पार्किंगवरून आपली बाचाबाची झाली होती, तिचा राग काढताय."

"आणि मला वाटलं, तुम्हीच माझे फोटो काढून टाकायला लावताय," सरिता म्हणाली.

गोकुळनं मान हलवली. माफी काही मागितली नाही, तिनंही मागितली नाही. प्लंबरनं सांधा बदलायला काय काय लागेल ते सांगितलं, तशी गोकुळनं बायकोला हाक मारून दोन दिवस पाणी बंद ठेवायला सांगितलं. सरिता खाली आली, बादली रिकामी केली आणि परत जागेवर ठेवली. छत वाळायला अजून आठ-पंधरा दिवस लागणार होते.