चौथ्या चॅप्टरातली चार माणसं

बसा हितं, फॅनखाली. एका सोनेरी अक्षरांच्या रिपोर्टाची गोष्ट सांगतो. ऐकून तोंड कडू हुईल, आदीच सांगून ठिवतो.

अंकिता म्हंजी माढ्याकडची पोरगी. सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट काय, तर होटगीच्या सोमलिंग डाक्टरच्या दवाखान्याला एसी बसवायचा, त्याचं डिझाईन. डाक्टर म्हणाले हुते, "रिपोर्टात जे येईल तेच मशीन घेतो, बाई." ह्या एका बोलावर पोरगी पेटली.

रिपोर्टाची रीत साधी आसती बगा. तिसऱ्या चॅप्टरात जागेची पाहणी. चौथ्यात त्या जागेत उष्णता किती शिरती त्याचं गणित. पाचव्यात गणितावरनं मशीन. एकाचा हात धरून दुसरं चालायचं.

अंकितानं टेप धरून दोन्ही खोल्या मापल्या. वर उघडा स्लॅब, एक भिंत पश्चिमेला, खुर्च्या भरल्या की चौदा माणसं. भायेरचा उन्हाळा बेचाळीस डिग्री धरला, आत पंचवीस. खोकणारी माणसं बसणार म्हणून भायेरची ताजी हवा आत घ्यायची, ती गार करायचा बोजाबी धरला. बेरीज आली पावणेतीन टन.

प्रोजेक्टातला जोडीदार सयाजी मातर पाचव्या चॅप्टरापासनं बसला हुता. मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडला, तितं दीड टनाचं एक मशीन, ह्यानंबी तेच टाईप केलं.

"आता चौथा तेवढा जुळवून दे," म्हणाला.

"जुळवू म्हंजी?"

"चौदाची चार माणसं कर. बेचाळीसचं पस्तीस कर. ताजी हवा काढून टाक, ती कुणाला दिसती?"

अंकितानं आपली पानं उचलली. ती गाईडकडं गेली. विरुपाक्ष सर म्हणायचे त्यास्नी. सर डबा खात हुते. त्यांनी तिची पानं चिवड्याच्या कागदागत दोन बोटांत धरली.

"मॅडम, पाच वर्षं डिपार्टमेंटचा रिपोर्ट दीड टनावर येतो. तुमचा कसा येत नाही?"

"सर, त्या रिपोर्टातला दवाखाना पुण्याचा हाय."

"दवाखाना म्हणजे दवाखाना. सर्टिफिकेटच्या पानावर सही पाहिजे की नको?"

त्या सहीबिगर सबमिशन न्हाई, आन् सबमिशनबिगर वर्ष गेलं. घरी बाप वाट बगत हुता. पोरीनं पानं परत घेतली आन् स्वतःच्या हातानं चौदाची चार केली. दर खोट्या आकड्याला वाटलं, उष्ट्या ताटात हात घालतीय. पर घाईत तिसरा चॅप्टर तसाच ऱ्हायला. त्यात चौदा खुर्च्यांचा फोटो.

व्हायवाला भायेरच्या कॉलेजचे परीक्षक आले. आदी बाईंडिंगवरनं हात फिरिवला, मग पट्टीनं समास मोजला. पानं पलटता पलटता फोटोवर थांबले.

"खुर्च्या चौदा, गणितात माणसं चार. बाकीचे दहा कुठं गेले?"

सयाजी म्हणाला, "सर, ते भायेर झाडाखाली बसत्यात."

परीक्षक हसले, विरुपाक्ष सरबी हसले. अंकितानं तोंड उघडलं. "सर, खरं गणित पावणेतीन..."

"टायपिंग मिस्टेक आहे," सर मधीच म्हणाले. "सर, पोहे गार होतायत. उद्या मी तुमच्याकडं येतोच आहे व्हायवाला."

"व्हय व्हय, या की." परीक्षकांनी रिपोर्ट मिटला. मार्क पडले शंभरात ब्याण्णव. सयाजीनं पेढे वाटले. अंकितानं पेढा हातातच धरून ठिवला, मग कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिशी ती होटगीला गेली, हातानं लिहिलेली पानं घिऊन. बगती तर डाक्टरच्या टेबलावर सोनेरी रिपोर्ट. सयाजी आदीच देऊन गेला हुता.

"डॉक्टर, त्यातला आकडा खोटा हाय. मीच खोटा केलाय," ती म्हणाली. "दीड टनाचं मशीन दिवसभर पळंल आन् खोली गार हुणार न्हाई. मग तुमी खिडक्या लावून घ्याल, आन् एकाचा खोकला चौदा जणांत फिरंल."

डाक्टरनं रिपोर्टावरचा शिक्का बगितला, मग तिच्या खाडाखोडीची पानं. "अगं, ह्यावर दोन सरांच्या सह्या हाईत. तुज्या कागदावर कुणाची हाय?"

अंकितानं टेबलावरचा पेन उचलला, परतेक पानाखाली स्वतःचं नाव लिहिलं आन् पानं तितंच ठिवून भायेर आली. रस्त्यात थुकली बगा पोरगी.

डाक्टरनं मशीन अजून घेतलं न्हाई, सोमवारी घेणार म्हणत्यात. तुमी उद्या होटगीला गुडघा दाखवायला जाणार न्हवं? मग तेवढं डाक्टरास्नी म्हणा, तो सोनेरी रिपोर्ट मिटा आन् पोरीची पानं एकदा वाचा.